‘कोणीच’ हे कोणाचंच नाव नाही



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘लॅम्डा कॅलक्युलस आणि वाक्याचा अर्थ’ असा छापलाय, आणि तरीही सभागृह भरलंय. मागच्या दोन रांगा उद्याच्या गाण्याच्या पासांसाठी आल्या आहेत, याची मला कल्पना आहे. बसा, पास शेवटीच मिळणार आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेत आपण घोकलं की सर्वनाम नामाऐवजी येतं, आणि ‘कोणी’ हे सर्वनाम. मग ‘कोणीच आलं नाही’ या वाक्यात ‘कोणीच’ नेमकं कोणाच्या नामाऐवजी आलंय? तिथे कोणी माणूसच नाही! ‘कोणी’, ‘प्रत्येक मुलगी’, ‘एक मुलगा’ ही कोणाची नावं नाहीत. कर्त्याच्या जागी बसून ही मंडळी भलतंच काम करतात. कोणतं, ते आता फळ्यावर बघू.

गॉटलोब फ्रेगे यांनी 1891 मध्ये येना इथे दिलेलं फंक्शनवरचं व्याख्यान, अलोंझो चर्च यांची 1940 ची प्रकारव्यवस्था, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. (हशा.) बरं, नसेल तर एका मिनिटात सांगतो. मूळ प्रकार दोनच. वस्तू किंवा व्यक्ती, तिचा प्रकार e. खरं किंवा खोटं ठरणारं पूर्ण वाक्य, त्याचा प्रकार t. ‘हसली’ हा शब्द एकटा खराही नाही, खोटाही नाही. तो एक e मागतो आणि मिळाला की t देतो, म्हणून त्याचा प्रकार ⟨e,t⟩. लिहायचं असं:

```
हसली = λx. हसली(x)
(λx. हसली(x))(सुमन) = हसली(सुमन)
```

λx म्हणजे ‘इथे एक जागा रिकामी आहे, तिचं नाव x’. जागा भरली की λ गळून पडतो. अर्थ जोडण्याची क्रिया ती एवढीच. शेजारच्या दोन शब्दांपैकी एकाला जे हवंय, ते दुसऱ्याकडे असलं पाहिजे.

समोरचे काका मान हलवताहेत. हो, आपल्या मीमांसकांची आणि नैयायिकांची ‘आकांक्षा’ याच्या जवळची आहे. एक पद दुसऱ्या पदाची वाट पाहतं, हे त्यांनी फार बारकाईने मांडलं. मी ते नाकारत नाही. पण ‘आपल्याकडे हे सगळं होतंच’ असं म्हणून आजची सभा संपवूही देणार नाही, कारण पुढचा हिशेब वेगळा आहे.

‘सुमन पुण्यात जन्मली आणि सुमन नागपुरात जन्मली’ हे एकाच सुमनबद्दल खरं असू शकत नाही. ‘एक मुलगी पुण्यात जन्मली आणि एक मुलगी नागपुरात जन्मली’ यात मात्र काहीच अडचण नाही. ‘एक मुलगी’ हे e असतं, तर तेही सुमनसारखंच अडलं असतं. मग ते आहे काय? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड माँटेग्यू यांनी यावर दिलेलं उत्तर 1973 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आलं. या शब्दसमूहांना वस्तू नको असते, क्रियापदच हवं असतं:

```
कोणी = λP. ∃x P(x)
```

P च्या जागी ⟨e,t⟩ घाला, हाती t येतो. म्हणजे याचा प्रकार ⟨⟨e,t⟩,t⟩. सुमन क्रियापदात जाऊन बसते. इथे उलट क्रियापद ‘कोणी’मध्ये जाऊन बसतं. माझा हट्ट तो हाच! (माँटेग्यूंनी पुढे जाऊन विशेषनामांनाही हाच मोठा प्रकार दिला. मला ते जास्त झालं असं वाटतं, पण ते भांडण आज नको.)

आता ‘कोणीच’. आधी एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत. होमरच्या ‘ओडिसी’त एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस ओडिसियसला गुहेत कोंडतो आणि त्याची माणसं खातो. ओडिसियस त्याला दारू पाजतो आणि आपलं नाव ‘उटिस’ सांगतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘कोणीच नाही’. मग तापवलेला सोटा डोळ्यात. राक्षस बोंब मारतो, शेजारचे राक्षस धावत येतात, विचारतात, तुला कोण मारतंय? तो सांगतो, उटिस! शेजाऱ्यांना वाटतं, कोणीच मारत नाहीये, आणि ते घरी जातात. पुढे मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सुटका, तीही सांगितली असती, पण अध्यक्ष घड्याळ बघताहेत. मुद्दा असा की मराठी राक्षस या युक्तीला फसला नसता. त्याची आरोळी ‘मला कोणीच मारतंय!’ अशी झाली असती, आणि शेजारी म्हणाले असते, आधी नीट बोल. (हशा.) आपल्याकडे ‘कोणीच’च्या पोटात नकार नाही. तो क्रियापदापाशी ‘नाही’ म्हणून वेगळा उभा असतो.

म्हणून इंग्रजी ‘nobody’चं सूत्र उचलून आणलं की काय होतं, बघा:

```
कोणीच = λP. ¬∃x P(x)
आलं नाही = λx. ¬आलं(x)
जोडल्यावर: ¬∃x ¬आलं(x)
```

प्रकार चोख जुळले, कुठेही अडलं नाही. आणि अर्थ निघाला, ‘न आलेला एकही माणूस नाही’, म्हणजे सगळे आले! प्रकार जुळणं ही पहिली चाळणी, तिच्यातून चुकीचा अर्थही सुखरूप बाहेर पडतो. तो पकडायचा तर शेवटचं सूत्र पुन्हा बोलीत वाचायचं आणि बोलणाऱ्याला विचारायचं, तुला हेच म्हणायचं होतं का?

दुरुस्तीसाठी मी ‘कोणी’ला साधं ‘∃’च ठेवतो. ‘कोणी आलं का?’, ‘कोणी आलं तर सांग’ यांत तोच अर्थ आहे. ‘च’ला मी सूत्रात काही देत नाही. तो ‘कोणी’ला नकाराच्या आवाक्यात डांबून ठेवतो, एवढंच. आणि ‘नाही’चा प्रकार ⟨t,t⟩, त्याला पूर्ण वाक्यच हवं. एकटं ‘आलं’ तर ⟨e,t⟩ आहे, ते त्याला चालत नाही. म्हणून आधी ‘कोणी’ आणि ‘आलं’ जुळतात, मग ‘नाही’:

```
¬(∃x आलं(x))
```

‘कोणीच’ला ‘∀’ मानूनही हाच अर्थ निघतो: प्रत्येक x बद्दल, तो आला नाही. काही जण तसंच मांडतील. पण मग नुसतं ‘कोणीच आलं’ म्हणजे ‘सगळे आले’ असं व्हायला हवं होतं, आणि तसं कोणी बोलत नाही. म्हणून मी ‘∃’च्या बाजूचा.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’, आणि खाली दोन रेघा. ठीक आहे.

‘कोणीतरी आलं नाही’ हे राहिलं. इथे नकार आत आहे आणि ‘कोणीतरी’ बाहेर. पण ‘नाही’ला तर पूर्ण वाक्य हवं! मग कर्त्याच्या जागी तात्पुरता x ठेवायचा. ‘x आलं’ हा t झाला, ‘नाही’ खूश. मग बाहेरून λx लावून ती जागा पुन्हा मोकळी करायची, की λx. ¬आलं(x) हा ⟨e,t⟩ तयार. तो ‘कोणीतरी’च्या हवाली केला की ∃x ¬आलं(x). चर्चचा λ भाषेत लागतो तो इथे: भरलेली जागा पुन्हा उघडायला.

प्रश्नांना वेळ नाही म्हणताहेत. मग जाता जाता एक वाक्य देतो: ‘प्रत्येक मुलगी आली नाही’. एका क्रमाने जोडलं तर काही आल्या असतील, दुसऱ्या क्रमाने जोडलं तर एकही नाही. दोन्ही सूत्रं कागदावर मांडा, आणि घरातल्या चार जणांना विचारा, त्यांना कोणतं ऐकू येतं. पास डावीकडच्या टेबलावर आहेत.