आभार मानावेत आणि थांबावे



माझे शालेय शिक्षण बेताचेच. लिहायला शिकलो तो मोंढ्यातील हमालांचे अर्ज लिहिता लिहिता. आजचा विषयही पुस्तकातला नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून तो मिळाला आहे.

आमच्या एका टोळीला हमालीच्या वाढीव दराचा फरक मिळायचा होता. बऱ्याच बैठकांनंतर रक्कम मंजूर झाली. त्या आनंदात मी टोळीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, "आपल्या एकजुटीने यश आले. सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काही चुकले असल्यास क्षमा असावी." एकाने लगेच लिहिले, "क्षमा कसली भाऊ, श्रेय तुमचेच." दुसऱ्याने हात जोडले. मी प्रत्येकाला उलट लिहीत बसलो, "नाही, नाही, श्रेय तुमचे." रात्रीपर्यंत हेच चालले. त्या गर्दीत आमच्या चिटणीसांचा एक संदेश होता. दोघांचे खाते क्रमांक जुळत नाहीत, त्यांनी सोमवारी दुपारी चारच्या आत पासबुक घेऊन यावे, असा. एकाने तो पाहिला. दुसरा आला तो बुधवारी. त्याचे पैसे पुढच्या यादीवर गेले आणि मुलीच्या फीसाठी त्याला व्याजाने रक्कम काढावी लागली. तो मला काही बोलला नाही. पण माझ्या गोड शब्दांची किंमत त्याने भरली.

मी तो संदेश पुन्हा वाचला तेव्हा दोष दिसला. 'क्षमा असावी' म्हटले की समोरच्याला 'छे छे' म्हणावेच लागते. श्रेय दिले की ते परत करणे हा आपल्याकडचा शिष्टाचार. म्हणजे शब्द आभाराचे असले, तरी त्यांत उत्तराची मागणी दडलेली होती. शिवाय मी प्रत्येकाला उत्तर देऊन ती मागणी वाढवीत गेलो.

वास्तविक आभार मानून थांबण्याची रीत आपल्याकडे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे. त्यापुढे मजकूर नाही, हे वाचणाऱ्याला कळे. सभेत आभारप्रदर्शन शेवटी येते आणि आभार मानणाऱ्याचे आभार कोणी मानीत नाही, कारण त्यानंतर सभा संपल्याचे जाहीर होते. वर्तमानपत्रात शोकाकुल कुटुंब निवेदन देते की, प्रत्येकास भेटणे शक्य नाही, हेच व्यक्तिशः आभार समजावेत. त्या एका वाक्याने वाचणाऱ्याची उत्तराच्या कर्तव्यातून सुटका होते.

या रीतीवरून मी माझा संदेश नव्याने बसवला. आता मी असे लिहितो: "मार्चअखेरपर्यंतचा फरक मंजूर झाला. बैठकांना आलेल्या सर्वांचे आभार. पैसे जमा झाल्यावर चिटणीस कळवतील. हा विषय येथे पूर्ण झाला. उत्तर लिहू नये." पहिल्या वाक्यात काय झाले ते, दुसऱ्यात नेमके कशाबद्दल आभार ते, तिसऱ्यात पुढचे काम कोणाकडे ते. तिसरे वाक्य गाळले तर पैसे कधी येणार, असे विचारणारे सुरू होतात. ज्याला राहवत नाही त्याने संदेशावर बोट दाबून अंगठ्याची खूण करावी. ही सोय व्हॉट्सॲपवर २०२२ पासून आहे. खुणेने गटात नवी ओळ वाढत नाही. आणि कोणी 'धन्यवाद' लिहिलेच, तर मी गप्प राहतो. साखळी तोडण्याचे काम पहिले आभार मानणाऱ्याचेच असते.

मात्र ही रीत आंधळेपणाने वापरू नये. मालकाला किंवा कचेरीला आभाराचे पत्र द्यायचे असेल, तर 'विषय पूर्ण झाला' हे शब्द जपून वापरावेत. फरक मार्चपर्यंतचाच मिळाला असेल आणि आपण नुसते 'फरक मिळाला, आभारी आहोत' असे लिहिले, तर उद्या हेच पत्र सर्व हिशेब चुकता झाल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. म्हणून मिळाले तेवढेच लिहावे आणि एप्रिलपासूनच्या मागणीचे पत्र वेगळे द्यावे. तसेच आभाराच्या संदेशात आकडा चुकला असेल, तर 'उत्तर लिहू नये' असे असतानाही लिहावेच. बंदी सौजन्याच्या उत्तराला आहे, दुरुस्तीला नाही.

आणखी एक. दुःखात असलेल्या माणसाने आभार मानले, तर तेथे हिशेब करू नये. त्याला गटावर उत्तर देण्याऐवजी घरी जाऊन बसावे.

तो हमाल आजही आमच्या टोळीत आहे. पुढच्या वेळी फरक जमा झाला तेव्हा मी चारच ओळी लिहिल्या. त्यांवर अंगठ्याच्या खुणा आल्या, उत्तर एकही आले नाही, आणि खालचा पासबुकाचा संदेश सर्वांनी वाचला.