आपल्या गल्लीवर सावली किती?

उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आई-बाबा येतात. नागपूरचा मे महिना काढून आलेली माणसं, इथल्या उन्हाला ती काय घाबरणार! पण दुपारी चारला बाबा फिरायला निघतात आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन परत येतात. फोनवर तापमान मात्र ८८ फॅरनहाइटच दिसत असतं.

तो आकडा साऱ्या परिसरासाठी एकच असतो, आणि त्यामागची नोंद बरेचदा विमानतळाजवळच्या केंद्रातली असते. तुमच्या गल्लीची हवा वेगळी असू शकते. किती वेगळी, हे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात कार्ली झिटर या संशोधिकेने २०१६ च्या उन्हाळ्यात मोजलं. पद्धत साधी होती. सायकलला तापमापक लावायचा आणि ठरलेल्या मार्गांवरून पुन्हा पुन्हा जायचं, दिवसाही आणि रात्रीही. यंत्र दर काही मीटरवर हवेचं तापमान नोंदवायचं. एकाच दिवशी, एकाच शहरात, दिवसाच्या तापमानात सरासरी साडेतीन अंश सेल्सियसचा, म्हणजे सुमारे सहा फॅरनहाइटचा फरक आढळला.

मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. झाडं वाढली की गारवा त्याच प्रमाणात वाढत जातो असं नाही. साठ ते नव्वद मीटरच्या टापूत, म्हणजे साधारण एका ब्लॉकएवढ्या जागेत, चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जमीन फांद्यांखाली असेल तेव्हा गारवा सगळ्यात जास्त जाणवतो. त्यामुळे दारात एक मेपल लावून गल्ली थंड होत नाही. त्या झाडाखाली उभं राहणाऱ्याला ऊन लागत नाही, हा फायदा आहेच. पण गल्लीची हवा बदलायला शेजाऱ्यांचीही झाडं लागतात.

झाड दोन कामं करतं. डांबराला ऊन लागू देत नाही, आणि पानांतून पाणी हवेत सोडतं. त्या पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, आपल्याकडच्या माठासारखीच. ह्यूस्टनसारख्या दमट ठिकाणी हे दुसरं काम मंदावतं, पहिलं चालूच राहतं.

रात्रीचा हिशेब निराळा आहे. मॅडिसनमध्ये सूर्यास्तानंतर झाडांचा प्रभाव फार थोडा उरला. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं, त्यामुळे जिथे फरशी-डांबर जास्त, तिथली रात्र गरम. मोठ्या पार्किंगला लागून अपार्टमेंट असेल, तर कडेला चार झाडं असूनही खिडकीतून रात्री गार वारा येत नाही तो यामुळे. घर भाड्याने घेताना ब्रोकर स्वयंपाकघर दाखवतो. तुम्ही रात्री नऊला पार्किंगमध्ये एक चक्कर मारून या.

आता आपली गल्ली मोजायची कशी? अमेरिकेच्या वनखात्याच्या सहभागाने तयार झालेलं 'आय-ट्री कॅनपी' नावाचं मोफत साधन इंटरनेटवर आहे. नकाशावर तुम्ही आपला ब्लॉक आखायचा. ते हवाई छायाचित्रावर कुठेही ठिपके टाकतं आणि प्रत्येक ठिपक्याखाली झाड आहे, छप्पर आहे की रस्ता, हे तुम्ही सांगायचं. समजा शंभर ठिपक्यांपैकी बावीस झाडांवर पडले. म्हणजे आच्छादन बावीस टक्के, चार-एक टक्के इकडे किंवा तिकडे. (एमबीएला शिकलेलं सॅम्पलिंग असं गल्लीत उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं!) तीनशे ठिपके तपासले तर चूक निम्म्याच्या जवळपास येते. चाळीस अजून दूर आहे, हे मात्र शंभरातही कळतं. छायाचित्र पानगळीतलं नाही ना, एवढं पाहून घ्या. नाहीतर उगाच टक्केवारी कमी निघेल.

काही वस्त्यांत आकडा दहाच्याही खाली निघतो, आणि तो योगायोग नसतो. १९३० च्या दशकात इथे सरकारी नकाशांवर कर्जासाठी वस्त्यांना श्रेणी दिल्या गेल्या. कृष्णवर्णीयांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात, 'धोक्याच्या'. तिथे गुंतवणूक आटली, पुढे महामार्ग आणि मोठी बांधकामं आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १०८ शहरं उपग्रहाच्या नोंदींवरून तपासली. ९४ टक्के शहरांत पूर्वीच्या लाल वस्त्या जास्त तापलेल्या निघाल्या. उत्तम श्रेणीच्या वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने. उपग्रह जमिनीचं तापमान मोजतो, हवेचं नाही, तेव्हा हा आकडा सायकलवरच्या आकड्याशी जोडू नका.

बऱ्याच नगरपालिका फुटपाथलगतच्या सरकारी पट्ट्यात विनंतीवरून झाड लावून देतात. अर्ज करताना सगळ्या ब्लॉकचे मिळून द्या, आणि पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, कारण रोप लागल्यानंतर जळतं ते त्याच काळात. तोवर बाबांना सकाळी सातला, झाडांच्या बाजूच्या फुटपाथवरून न्या.