थांबलेले उत्तर आणि बरोबर उत्तर



नळातून पाणी वाहताना नळाची भिंत त्याला अडवते आणि त्या अडवण्यात पाण्याची उंची, म्हणजे हेड, खर्ची पडते. हा खर्च काढण्याचे डार्सी-वाइसबाख सूत्र सोपे आहे. अडचण आहे ती त्यातल्या एका आकड्यात, घर्षणगुणकात. खळाळत्या प्रवाहासाठी हा गुणक सिरिल कोलब्रुक यांनी १९३९ साली मांडलेल्या समीकरणातून मिळतो, आणि त्या समीकरणात तो डावीकडेही आहे आणि उजवीकडे लॉगच्या पोटातही आहे. त्याला बाहेर काढून 'इतका' असे थेट सांगता येत नाही. पायथॉनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की संगणक हे उत्तर क्षणात शोधतो. आज मला एवढेच मांडायचे आहे की, प्रोग्रॅमचे उत्तर थांबणे, ते समीकरणाचे उत्तर असणे आणि ते आपल्या नळाला लागू पडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची परीक्षा वेगळी आहे आणि एकीत पास झाल्याने दुसरीचे गुण मिळत नाहीत.

समीकरण असे आहे:

```
1/√f = -2 log10( k/3.7 + 2.51/(Re √f) )
```

इथे `f` हा घर्षणगुणक आणि `Re` हा रेनॉल्ड्स अंक. `k` म्हणजे सापेक्ष खडबडीतपणा, नळाच्या आतल्या उंचवट्यांची उंची भागिले नळाचा व्यास. सगळी युक्ती अज्ञात काय मानायचे यात आहे. `f` ऐवजी `1/√f` यालाच `x` म्हटले, तर डावीकडे नुसता `x` उरतो आणि उजवीकडे लॉगच्या आत तोच `x` साध्या गुणाकारात येतो. मग एक अंदाज उजवीकडे घालायचा, डावीकडे नवा `x` मिळवायचा, तो पुन्हा उजवीकडे घालायचा, आणि दोन फेऱ्यांतला फरक नगण्य झाला की थांबायचे.

```python
import math

def gharshan(Re, k, x=7.0):
    for n in range(1, 51):
        nava = -2 * math.log10(k/3.7 + 2.51*x/Re)
        if abs(nava - x) < 1e-8:
            return 1/nava**2, n
        x = nava
    raise RuntimeError("उत्तर स्थिरावले नाही")
```

एक नळ घेऊन हे चालवून पाहू. व्यास ३०० मिलिमीटर, आतला खडबडीतपणा ०.३ मिलिमीटर, म्हणजे `k` ०.००१. पाण्याचा वेग सेकंदाला मीटरचा तिसरा हिस्सा, त्यामुळे साधारण २० अंश तापमानाच्या पाण्यासाठी रेनॉल्ड्स अंक एक लाख. सुरुवातीचा `x` सात घेतला आहे, म्हणजे `f` सुमारे ०.०२०४, कारण नेहमीच्या नळांचे गुणक याच्याच आसपास असतात. पहिल्या फेरीत `x` ६.७०१४ येतो, दुसरीत ६.७१६१, तिसरीत ६.७१५४. उत्तर एकदा खाली, एकदा वर असे हेलकावत जवळ येते आणि सातव्या फेरीत प्रोग्रॅम थांबतो. `f` मिळतो ०.०२२१७. डार्सी-वाइसबाख सूत्रात तो घातला की एक किलोमीटर लांबीच्या नळात ०.४२ मीटर हेड जातो.

हे इतक्या लवकर स्थिरावते याला कारण आहे. अज्ञात लॉगच्या आत बसला आहे आणि लॉग फरक दाबून टाकतो. उजव्या बाजूचे अवकलन केले तर दिसते की, या नळासाठी प्रत्येक फेरीतली चूक आधीच्या चुकीच्या सुमारे विसाव्या भागाइतकी आणि उलट चिन्हाची असते. नळ पूर्ण गुळगुळीत असला तर ती ०.८७ भागिले `x` इतक्या पटीत घटते, म्हणजे साधारण सहाव्या ते बाराव्या भागावर येते. नळ जितका खडबडीत तितकी फेऱ्यांची गरज कमी. म्हणून सुरुवातीचा अंदाज किती चांगला आहे याची चिंता करण्याचे कारण नाही.

मात्र याच चांगल्या गुणात धोका दडला आहे. या पद्धतीत चुकीचे समीकरणही तितक्याच सहज स्थिरावते. `math.log10` च्या जागी चुकून `math.log` लिहिले, तर पायथॉन नैसर्गिक लॉग घेतो. प्रोग्रॅम कुठेही अडखळत नाही, काही फेऱ्यांत थांबतो आणि ०.००४६ हे उत्तर देतो. हे उत्तर फसवे आहे, कारण रसायन अभियंते जो फॅनिंग गुणक वापरतात तो डार्सी गुणकाचा चौथा हिस्सा असतो, आपल्या नळासाठी ०.००५५. पाहणारा सहज म्हणेल की, हा फॅनिंग असावा, चारने गुणा. तसे केले की हेड लॉस खऱ्यापेक्षा सुमारे सतरा टक्क्यांनी कमी निघतो आणि कोणालाच शंका येत नाही. दुसरी चूक एककांची: खडबडीतपणा मिलिमीटरमध्ये आणि व्यास मीटरमध्ये दिला, तर `k` एक होतो आणि `f` येतो ०.७७. हाही आकडा शांतपणे स्थिरावतो. फरक नगण्य झाला एवढेच प्रोग्रॅमला कळते. तो कोणत्या समीकरणाचा फरक होता, हे त्याला कळत नाही.

इथे आलेखाचे काम सुरू होते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे लुईस मूडी यांनी १९४४ साली रेनॉल्ड्स अंक आडव्या अक्षावर, गुणक उभ्या अक्षावर आणि प्रत्येक सापेक्ष खडबडीतपणासाठी एक वक्र असा आलेख प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तो असतो. प्रोग्रॅमचे उत्तर त्यावर ताडून पाहायचे, पण कोणत्या बिंदूंवर? सोयीचा एखादाच बिंदू घेणे पुरत नाही. समजा, २.५१ च्या जागी २५.१ टाइप झाले. रेनॉल्ड्स अंक दहा लाख आणि `k` ०.०१ असलेल्या खडबडीत नळाला ही चूक जवळजवळ जाणवत नाही: खरे उत्तर ०.०३८०, चुकलेले ०.०३८५, आणि आलेख डोळ्यांनी वाचताना एवढा फरक सुटून जातो. तीच चूक एक लाख रेनॉल्ड्स अंकाच्या गुळगुळीत नळावर लगेच उघडी पडते, कारण तिथे ०.०१८० ऐवजी ०.०३०९ येतो. उलट ३.७ हा आकडा चुकला तर गुळगुळीत नळाला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण तिथे `k` शून्य असतो. म्हणून तपासणीचे बिंदू आलेखाच्या दोन्ही कडांवरून आणि मधून घ्यावे लागतात. गुळगुळीत कडेवर एक लाखाला ०.०१८०, मध्ये आपला ०.०२२२ आणि दहा लाखाला `k` ०.०००१ असता ०.०१३४, खडबडीत कडेवर ०.०३८०. या चारही ठिकाणी जुळले तर समीकरणाचे दोन्ही भाग बरोबर उतरले आहेत असे म्हणता येते.

आलेखाच्या डाव्या भागाचीही दखल घ्यायला हवी. संथ प्रवाहात, रेनॉल्ड्स अंक सुमारे दोन हजारांखाली, गुणक ६४ भागिले रेनॉल्ड्स अंक इतका असतो आणि कोलब्रुकचे समीकरण तिथे लागूच नाही. आपला प्रोग्रॅम तरीही उत्तर देतो. रेनॉल्ड्स अंक एक हजार असता गुळगुळीत नळासाठी तो ०.०६२६ सांगतो आणि खरा गुणक आहे ०.०६४. दोन्ही वक्र तिथे एकमेकांना जवळजवळ छेदतात म्हणून हा निव्वळ योगायोग घडतो. दोन हजारांवर खरा गुणक ०.०३२, प्रोग्रॅमचा ०.०४९, म्हणजे दीडपटीहून जास्त. फक्त पहिला बिंदू तपासणारा माणूस प्रोग्रॅम संथ प्रवाहातही चालतो असे समजून बसेल. म्हणून रेनॉल्ड्स अंक चार हजारांखाली असेल तर प्रोग्रॅमने उत्तर देण्याऐवजी अडून बसावे, अशी ओळ त्यात घातली पाहिजे.

आता एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. मूडींनी खळाळत्या प्रवाहाचे वक्र कोलब्रुकच्याच समीकरणावरून काढले. मग आलेखाशी जुळवणे म्हणजे समीकरणाची त्याच समीकरणाशी तुलना नव्हे काय? होय, तसेच आहे. म्हणूनच या जुळण्यातून काय सिद्ध होते ते नेमके सांगितले पाहिजे. प्रोग्रॅम ज्या समीकरणाचा दावा करतो तेच सोडवतो, लॉगचा पाया, एकके आणि गुणकाची जात बरोबर आहे, एवढेच सिद्ध होते. नळाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नळाबद्दलची साक्ष प्रयोगांत आहे. जर्मनीत गटिंगेनला योहान निकुराड्से यांनी नळांच्या आत एकसारखे वाळूचे कण चिकटवून मापे घेतली आणि ती १९३३ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या मापांत गुळगुळीत वर्तनाकडून खडबडीत वर्तनाकडे जाताना गुणक आधी उतरतो आणि मग पुन्हा चढतो. बाजारातल्या नळांचे उंचवटे लहानमोठे असल्याने तिथे हा खळगा दिसत नाही. अशा नळांसाठी कोलब्रुकचे समीकरण दोन टोकांना सलग जोडते. ते जोडणी आहे, निसर्गनियम नव्हे. मूडींनी स्वतः आलेखाकडून गुळगुळीत नळांसाठी सुमारे पाच टक्के आणि बाजारी नळांसाठी सुमारे दहा टक्के अचूकतेचीच अपेक्षा ठेवली होती.

दुसरा आक्षेप यातूनच येतो. दहा टक्के अनिश्चितता असताना आठव्या दशांशापर्यंत फेऱ्या कशाला मारायच्या? रुरकीच्या प्रभात स्वामी आणि अकलंक जैन यांनी १९७६ साली दिलेले थेट सूत्र का वापरू नये? आपल्या नळासाठी ते ०.०२२३ देते, फरक एका टक्क्याहून कमी. हाताने हिशेब करणाऱ्याने तेच वापरावे, यात मला शंका नाही. पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांचे हिशेब करणारा ईपानेट हा प्रोग्रॅमही खळाळत्या प्रवाहासाठी तेच वापरतो. पण थेट सूत्र एका टक्क्याच्या आत आहे हे आपल्याला कळते, कारण कोणीतरी मूळ समीकरण फेऱ्यांनी सोडवून त्याच्याशी ताडले आहे. शिवाय सोडवण्याची चूक शून्याजवळ आणली की जी चूक उरते तिचा उगम एकाच ठिकाणी शोधावा लागतो, तो म्हणजे नळात.

आणि तिथे ती मोठी आहे. आपल्या नळात गंज धरला आणि खडबडीतपणा ०.३ वरून ०.६ मिलिमीटर झाला, तर गुणक ०.०२२२ वरून ०.०२५१ होतो, म्हणजे तेरा टक्क्यांनी वाढतो, आणि किलोमीटरमागे हेड लॉस ०.४२ वरून ०.४७ मीटरवर जातो. फेऱ्या वाढवून ही वाढ पकडता येत नाही. ती नळ उघडून, वापरात असलेल्या नळाच्या दोन टोकांचा दाब मोजून किंवा त्याच्या वयाचा विचार करूनच कळते.

म्हणून प्रोग्रॅमने आत सगळे दशांश राखावेत, पण बाहेर तीनच सार्थ अंक छापावेत, आणि त्यांच्या शेजारी खडबडीतपणा निम्मा व दुप्पट धरून येणारी दोन उत्तरेही छापावीत. समीकरण किती नीट सुटले हे मधला आकडा सांगेल. नळाबद्दल आपल्याला खरोखर किती माहीत आहे, हे बाजूच्या दोन आकड्यांमधले अंतर सांगेल, आणि पंप निवडताना विचारात घ्यायचे ते हेच अंतर.