आग विम्याची रक्कम पटली नाही, तर लवादाची मागणी करणारे पत्र

चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळा म्हणजे मोहाचा हंगाम, आणि वणव्याचाही. गटाच्या गोदामात सुकवलेली मोहफुलं भरलेली असतात, ठिणगी पडली की काही तासांत राख. विमा काढलेला असतो म्हणून थोडा धीर असतो. पण विमा कंपनी नुकसान मान्य करते आणि रक्कम मात्र कमी देते, असं झालं तर काय करायचं? आज एवढ्याच एका गोष्टीबद्दल बोलू.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गटाचा ६ लाखांचा माल-विमा आहे. आग लागली. गट म्हणतो, १२० क्विंटल मोहफुलं जळाली, किलोला ४५ रुपये, म्हणजे ५ लाख ४० हजार. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने ९० क्विंटल धरली आणि दर ४० रुपये लावला. म्हणजे ३ लाख ६० हजार. फरक १ लाख ८० हजारांचा.

भांडण नेमकं कशाचं, ते आधी काढा. सर्व्हे अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. इथे अहवाल वाचल्यावर कळतं की ३० क्विंटल वगळले, कारण शेवटच्या आठवड्याची खरेदी साठा वहीत चढवलीच नव्हती. ती सुट्या चिठ्ठ्यांवर होती. म्हणजे १ लाख ३५ हजारांचा वाद चिठ्ठ्यांचा आहे आणि उरलेल्या ४५ हजारांचा वाद दराचा. मग चिठ्ठ्या, ज्यांच्याकडून माल घेतला त्यांची नावं, बँकेतून काढलेले पैसे आणि त्या आठवड्यातल्या बाजारभावाचा पुरावा गोळा करायचा. पुरावा नसेल तर पुढचं पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी त्याला पाय राहत नाहीत.

आता पॉलिसी काढा. ती बहुतेक वेळा बँकेत असते. तिच्या अटींमध्ये 'आर्बिट्रेशन' नावाचं कलम शोधा, मराठीत त्याला लवाद म्हणतात. जुन्या आग-विमा पॉलिसीत हे कलम असं असायचं: कंपनीने देणं मान्य केलं असेल आणि वाद फक्त रकमेचा असेल, तर तो एका लवादाकडे न्यायचा. एका नावावर ३० दिवसांत एकमत झालं नाही, तर दोघांनी एकेक लवाद नेमायचा आणि त्या दोघांनी तिसरा. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये विमा नियामकाने हे बदललं. घरगुती स्वरूपाच्या पॉलिसीतून हे कलम काढायला सांगितलं, आणि व्यावसायिक पॉलिसीत दोन्ही बाजूंनी वेगळा करार केला तरच लवाद, असं ठरवलं. म्हणून आपल्या पॉलिसीत काय छापलंय तेच पाहा, शेजारच्या गटाचं कलम आपल्याला लागू होईलच असं नाही.

कलम असलं तरी एक अट विसरू नका. कंपनीने "आम्ही काहीच देणं लागत नाही" असं म्हटलं असेल, तर या कलमाचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नरभेराम पॉवर अँड स्टील या कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं. रकमेवरचा वाद लवादाकडे जातो, पण दावाच नाकारला असेल तर ग्राहक आयोग किंवा न्यायालय हाच रस्ता.

आता पत्र. आधी गटाच्या सभेत ठराव घ्या आणि अध्यक्ष-सचिवांना सहीचा अधिकार द्या. पत्र पॉलिसीवर जे नाव आहे त्याच नावाने लिहा. मजकूर साधारण असा:

"आमची पॉलिसी क्रमांक अमुक, दावा क्रमांक अमुक, आग लागल्याची तारीख अमुक. आपण अमुक तारखेच्या पत्राने दावा मान्य करून ३,६०,००० रुपये देऊ केले आहेत. आमचा दावा ५,४०,००० रुपयांचा आहे. वाद फक्त रकमेचा असून तो १,८०,००० रुपयांचा आहे: वगळलेल्या ३० क्विंटलचे १,३५,००० आणि दरातील फरकाचे ४५,०००. पॉलिसीतील अट क्रमांक अमुकनुसार आम्ही हा वाद लवादाकडे नेत आहोत. एकमेव लवाद म्हणून पुढील नावे सुचवितो. ३० दिवसांत आपली संमती कळवावी. मान्य केलेली रक्कम आमचा उर्वरित हक्क राखून आम्हास द्यावी."

हे पत्र कंपनीच्या शाखेला आणि पॉलिसीवरच्या पत्त्याला स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. कायद्याने लवादाची सुरुवात तुमचं मागणीपत्र कंपनीला मिळालं त्या दिवसापासून धरतात, म्हणून तो कागद महत्त्वाचा. नावं सुचवताना निवृत्त न्यायाधीश किंवा अनुभवी वकील पाहा. कंपनीचा नोकर लवाद होऊ शकत नाही, आणि आपल्या गटाची सदस्यही नाही. कंपनी ३० दिवस गप्प राहिली, तर लवाद नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आपल्याकडून तो सहसा नागपूर खंडपीठात जातो.

पत्र पाठवण्याआधी आणखी एका कागदाकडे लक्ष द्या. कंपनी चेकसोबत 'पूर्ण व अंतिम समाधान' अशी पावती सही करायला देते. त्यावर सही झाली की पुढे भांडायला जागा उरत नाही, असं कंपनी म्हणते. बोघारा पॉलिफॅब या कंपनीने अशी सही केली होती आणि सही केल्याशिवाय पैसे देत नव्हते, असं तिचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की दबावाखाली घेतलेल्या सहीमुळे लवादाचा हक्क संपत नाही. पण दबाव होता हे नंतर सिद्ध करणं सोपं नाही. म्हणून सही करायचीच असेल तर तिथेच लिहा: "ही रक्कम आक्षेप ठेवून स्वीकारली." तसं लिहू देत नसतील, तर त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा. गोदामावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेलाही प्रत द्या, कारण रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते.

शेवटी खर्चाचं बोलू. लवादाला फी द्यावी लागते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दराप्रमाणे ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५ हजार रुपये, आणि एकच लवाद असेल तर त्यावर आणखी २५ टक्के. म्हणजे ५६ हजार २५० रुपये, आणि ते निम्मे-निम्मे वाटले तरी आपल्या वाट्याला २८ हजारांवर. वकिलाचा खर्च वेगळा. तीन लवाद झाले तर आणखी वाढ. १ लाख ८० हजारांसाठी हा हिशेब आधी सभेत मांडा.

आपल्या उदाहरणातल्या गटाला जिल्हा ग्राहक आयोग स्वस्त पडेल. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे तो आहे, हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांत तक्रार करायची असते. पॉलिसीत लवादाचं कलम आहे म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. सूक्ष्म उद्योगाची पॉलिसी असेल तर विमा लोकपालाकडेही जाता येतं, तिथे फी नाही. पण एकाच वादासाठी दोन दारं ठोठावू नका. लवाद सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून रस्ता आधी ठरवा, पत्र नंतर लिहा. वाद मोठा असेल, पुरावा भक्कम असेल आणि कलम खरोखर पॉलिसीत असेल, तर हे पत्र पाठवा.

येत्या सभेत पॉलिसी बँकेतून मागवून ते कलम शोधा, आणि शेवटच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या साठा वहीत चढल्या का ते पाहा.