आधी नटाची संहिता, मग गुणपत्रिका

ऑस्की ही परीक्षेची पद्धत डंडीच्या रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. सगळ्यांना तोच रुग्ण, तेवढाच वेळ, तीच गुणपत्रिका. मनोविकाराच्या हिस्टरीचं स्टेशन मात्र तेवढ्यावर भागत नाही. इथला रुग्ण बोलतो, आणि कुणाशी किती बोलायचं हे ठरलेलं नसेल तर परीक्षा नशिबाची होते.

एक स्टेशन बांधू. दारावरच्या कागदावर लिहा: ‘वय ४२, शेतकरी. दोन महिने झोप नाही, डोकं दुखतं. आठ मिनिटांत हिस्टरी घ्या.’ ‘उदास’ हा शब्दही तिथे नको, नाहीतर निदान आपणच सांगून बसू.

नट आपणहून डोकेदुखी आणि पहाटे तीनला येणारी जाग एवढंच सांगेल. भूक गेली, भजनाला जाणं सुटलं, कर्ज आपल्यामुळेच झालं ही बोचणी, हे विचारल्यावर. जीव देण्याचा विचार फक्त थेट विचारल्यावर. ‘मनात वाईट विचार येतात का?’ असं आडून विचारलं, तर त्यानं म्हणायचं, ‘येणारच की, कर्ज आहे डोक्यावर.’ ‘जीव द्यावा असं वाटतं का?’ म्हटल्यावर थोडं थांबून, ‘हो.’

आता गुण. वीसपैकी पाच या धोक्याला ठेवा. थेट प्रश्नाला एक. मग काही बेत ठरवला आहे का, फवारणीचं औषध घरात आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, कशामुळे थांबता, याला एकेक. ‘हो’ ऐकून जो घाईनं ‘दारू पिता का?’कडे वळतो, त्याला एकच मिळतो, आणि ते रास्त आहे. दोन गुण ‘कधी झोपेविना उत्साह उतू जायचा का?’ या प्रश्नाला. उन्मादाचा इतिहास सुटला तर नुसत्या नैराश्याच्या गोळीनं रुग्ण उन्मादात जाऊ शकतो.

नुसत्या टिकांवर विसंबलं, तर प्रश्नांची सरबत्ती करणारा नीट ऐकणाऱ्याच्या पुढे जातो. म्हणून परीक्षकानं बेरीज करण्याआधी एक शेरा द्यावा: नापास, काठावर, पास, उत्तम. सगळ्यांचे गुण आणि शेरे एकत्र मांडले की ‘काठावर’ला साधारण किती गुण पडतात ते दिसतं, पासाची रेषा तिथे.

परीक्षकाला सूचना थोड्याच. मान डोलावू नका, सुचवू नका, शिकवू नका. (शेवटची पाळणं आपल्याला सर्वांत जड जातं!) विद्यार्थी गोठला तर ‘सूचना पुन्हा वाचू शकता’ एवढंच म्हणा. ‘विचारलं असणार’ म्हणून टिक नको. विचारलेलं ऐकू आलं तरच.

दमलेला नट उत्तरं आखडती घेतो, किंवा दया येऊन आपणच सांगून टाकतो. दुपारनंतर धोक्याचे गुण सगळ्यांचेच घसरले किंवा चढले, तर आधी त्याच्याकडे पाहा. दर तासाला नट बदला, आणि दिवसभर हे दुःख वठवल्यावर त्याच्याशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.