कपावरचा आकडा कोणाचा?



दुधावरची परिषद गोरेगावला आहे असं सांगितलं, तेव्हा मुंबईच्या दोघांनी मला विचारलं, “आरे कॉलनीत का?” १९५१ साली उद्घाटन झालेली आरे दूध वसाहत ज्या गोरेगावात आहे, ते हे नव्हे. हे गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं गोरेगाव. इथे मे महिन्यात सकाळी लावलेलं दही दुपारी आंबट होऊन बसतं. प्रोबायोटिक दह्याबद्दल बोलायला मला ही जागा मुंबईपेक्षा बरी वाटते. कारण इथला उन्हाळा आणि इथल्या दुकानातला फ्रीज हे दोन्ही या विषयाचेच भाग आहेत.

आज मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कपावर ‘प्रोबायोटिक’ असं लिहिलेलं असतं, खाली कोटींत एक आकडा असतो. तो आकडा कोणत्या जिवाणूचा, कोणत्या माध्यमावर मोजलेला आणि कोणत्या दिवशीचा? ही तीन उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. साधं चांगलं दहीसुद्धा जिवंत जिवाणूंनी भरलेलं असतं. योगर्टमध्ये स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि बल्गॅरिकस ही जोडी असते. आपल्या दह्यात बहुधा लॅक्टोकॉकस असतात, सोबतीला कधी ल्युकोनॉस्टॉक. विरजणाच्या या जिवाणूंनाही स्वतःचं श्रेय आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकचे दावे एकामागून एक फेटाळले, पण एक मान्य केला: ज्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना योगर्टमधल्या जिवंत विरजणामुळे त्या योगर्टमधली साखर पचायला मदत होते. अट अशी की दर ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत विरजण-जिवाणू हवेत. म्हणजे सर्वांत भक्कम पुरावा साध्या योगर्टच्या बाजूने आहे, आणि जाहिरात मात्र वेगळ्याच जिवाणूची होते. गंमतच आहे.

तो वेगळा जिवाणू कोणता, हे ओळखायला नुसती प्रजाती पुरत नाही. ‘तांदूळ’ एवढंच सांगितलं तर या भागात कोणी चिन्नोरचा भाव देणार नाही. जिवाणूंचंही तसंच, प्रजातीच्या पुढे स्ट्रेनचं नाव लागतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं नेमकं हेच मागतात: वेष्टनावर वंश, प्रजाती आणि स्ट्रेन हवी, आणि जिवंत संख्या टिकाऊपणाच्या शेवटच्या दिवशीची हवी. माझ्यासारखे लोक दुकानात चष्मा लावून कप फिरवतात ते यासाठी. पुष्कळदा तिथे दोनच नावं सापडतात, तिसरं नसतं.

स्ट्रेनला इतकं महत्त्व का, ते कोलकात्याच्या एका चाचणीतून सांगतो. केसी शिरोता ही स्ट्रेन जपानच्या मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये निवडली. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा आणि आंत्ररोग संस्थेने एका झोपडपट्टीतल्या १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर तिची चाचणी घेतली. निम्म्या मुलांना १२ आठवडे रोज ६५ मिलिलिटर पेय दिलं, त्यात ६५० कोटी जिवंत शिरोता होते. उरलेल्यांना तसंच पोषक पेय मिळालं, पण जिवाणूंशिवाय. कोणाला काय मिळतंय हे मुलांच्या घरच्यांना माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. पुढचे १२ आठवडे धरून २४ आठवड्यांत पहिल्या गटातल्या ६०८ मुलांना जुलाब झाले, दुसऱ्यातल्या ६७४ मुलांना. संरक्षण १४ टक्के. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मी या १४ टक्क्यांना हसत नाही. इतकं काटेकोर काम आपल्या देशात, अशा वस्तीत झालं, याचा मला आदर आहे. पण हा निष्कर्ष त्या स्ट्रेनचा, त्या रोजच्या ६५० कोटींचा आणि त्या वयाच्या मुलांचा आहे. दुसऱ्या एखाद्या केसीच्या कपावर तो चिकटवता येत नाही. आता कायद्याकडे पाहा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत प्रोबायोटिक जिवाणू मागितले आहेत. कमी मात्रेत परिणाम सिद्ध केला तर सूट आहे. कोलकात्याची मात्रा त्याच्या ६५ पट होती. कायद्याची पायरी ओलांडणं आणि परिणाम सिद्ध असणं या दोन गोष्टींमध्ये एवढं अंतर असू शकतं.

स्ट्रेन निवडण्याची रीत आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ओळख पटवा, आम्लात म्हणजे सामू २ ते ३ मध्ये काही तास टिकते का पाहा, ०.३ टक्के पित्तक्षारात वाढते का पाहा, आतड्याच्या पेशींना चिकटते का पाहा. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण इतर जिवाणूंकडे जाऊ शकेल असा नाही ना, हेही तपासा. पुष्कळ प्रबंध इथेच थांबतात आणि शेवटी ‘संभाव्य प्रोबायोटिक’ असं लिहितात. पण खरी चाळणी पुढे दुधाच्या टाकीत लागते. आतड्यातून आलेल्या अनेक स्ट्रेन दुधात नीट वाढतच नाहीत, कारण दुधातली प्रथिनं तोडून घेण्याची ताकद त्यांच्यात कमी असते. बिफिडोबॅक्टेरियाला ऑक्सिजन सोसत नाही, आणि जास्त वाढला तर तो दह्याला व्हिनेगरचा वास देतो. म्हणून कारखान्यात बहुधा आधीच वाढवून गोठवलेले जिवाणू विरजणाबरोबर मोठ्या संख्येने घालतात.

त्यातूनच ओळखीच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: प्रोबायोटिक दह्याचा चमचाभर घरी विरजण म्हणून लावला तर? दही छान लागेल. पण विरजणाचे जिवाणू झपाट्याने वाढतात, पाहुणी स्ट्रेन मागे पडते, आणि दोन-चार वेळा लावल्यावर ती किती उरली हे कोणी सांगू शकत नाही.

आता मोजणीकडे येतो. हा माझा आवडीचा भाग आहे, थोडा धीर धरा. समजा, १०० ग्रॅमचा कप आहे, त्यात केसी गटातली स्ट्रेन घातली आहे. सगळा कप ढवळून त्यातलं १० ग्रॅम दही ९० मिलिलिटर निर्जंतुक पेप्टोनच्या पाण्यात मिसळायचं. हे दहापट विरळ झालं. त्यातलं १ मिलिलिटर पुढच्या ९ मिलिलिटरमध्ये, असं करत एक लाख पटीपर्यंत जायचं. तिथून १-१ मिलिलिटर दोन प्लेटमध्ये. साध्या एमआरएस आगरवर ओतलं तर पुष्कळदा मोजताच येणार नाही इतक्या वसाहती उगवतील. आणखी विरळ करून मोजलं आणि ग्रॅमला ३० कोटी आले, तर कपात ३,००० कोटी! जाहिरातवाले खूश. पण त्यातले बहुतेक विरजणाचे जिवाणू आहेत.

म्हणून माध्यमात व्हॅन्कोमायसिन घालतात. हे प्रतिजैविक जिवाणूच्या भिंतीतल्या एका ठरावीक टोकाला धरतं. केसी, ऱ्हॅम्नोसस आणि प्लँटॅरम यांच्या भिंतीत ते टोक जन्मतःच वेगळं असतं, म्हणून ते तगतात. बल्गॅरिकस आणि थर्मोफिलस मरतात. हवाबंद डब्यात ३७ अंशांवर ७२ तास ठेवून पाहिलं आणि दोन प्लेटवर ४२ आणि ३८ वसाहती आल्या, तर सरासरी ४०. त्याला एक लाखाने गुणलं की ग्रॅमला ४० लाख, कपात ४० कोटी. एकच कप, पण एका प्लेटवर ३,००० कोटी आणि दुसरीवर ४० कोटी. कायद्याला ४० कोटी पुरतात. पण दावा कोलकात्याच्या मात्रेचा असेल, तर हा कप सोळा पटीने कमी पडतो.

इथे आपल्या दह्यात एक खास फसगत होते, पाश्चात्त्य योगर्टसाठी लिहिलेल्या पद्धतींमध्ये तिचा विचार नसतो. ल्युकोनॉस्टॉकलाही व्हॅन्कोमायसिनचं काही वाटत नाही. विरजणात तो असेल, तर प्लेटवर तोही उगवतो आणि प्रोबायोटिक म्हणून मोजला जातो. ओळखायचं कसं? त्याच विरजणाचं, पण प्रोबायोटिक न घातलेलं दही शेजारच्या प्लेटवर लावायचं. तिथे काहीच उगवलं नाही तर माध्यम विश्वासाचं. उगवलं, तर पाच-सहा वसाहती घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या: केसी दांडीसारखा दिसतो, ल्युकोनॉस्टॉक गोलसर आणि साखळीत. तरीही एवढ्याने फक्त गट कळतो. स्ट्रेन तीच आहे हे सांगायला तिच्या जनुकावर बेतलेली पीसीआर चाचणीच लागते. बिफिडोबॅक्टेरियासाठी माध्यम वेगळं: टॉस-प्रोपिओनेट आगर, त्यात म्युपिरोसिन.

शिवाय एक वसाहत म्हणजे एक जिवाणू असं नसतं. साखळी नीट सुटली नाही तर दहा पेशींची एकच वसाहत होते. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत दुप्पट-तिप्पट फरक आला तर भांडू नका. दहापट आला तर जरूर भांडा.

राहिला तिसरा प्रश्न, कोणत्या दिवशीचा आकडा. कारखान्यातून निघालेल्या कपाची मोजणी उत्साहवर्धकच असते. पण बल्गॅरिकस थंडीतही थोडं आम्ल करत राहतो, आणि शीतसाखळीत कुठे ऊब मिळाली की वेगाने करतो. सामू ४ च्या खाली गेला की बिफिडोच्या नाजूक स्ट्रेन आधी मरतात, केसी बराच तग धरतो. म्हणून चवीवरून अंदाज बांधू नका. आंबट कपात केसी पुरेसा असू शकतो, आणि गोड कपात बिफिडो आधीच संपलेला असू शकतो.

वरूड आणि उदगीर इथल्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी यात चांगलं काम आहे. मे महिन्यात गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनी इथल्या दुकानांतून, टिकाऊपणाचे शेवटचे दोन-तीन दिवस उरलेले कप विकत घ्या. फ्रीजचं तापमान तिथेच टिपा आणि दुकानदाराला रात्री फ्रीज बंद ठेवतो का हे विचारा, बरेच जण वीजबिलासाठी ठेवतात. कप बर्फाच्या पेटीत आणा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. दही गोठलं तर पेशी मरतात आणि दोष विनाकारण कंपनीवर येतो. चोवीस तासांच्या आत प्लेट लावा, आणि निकालासोबत माध्यमाचं नाव लिहायला विसरू नका.