तारे मोजू नका, मजकूर वाचा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाला मिरची-मसाला दळायचं यंत्र घ्यायचं होतं. बचतीतले 18 हजार रुपये बाजूला काढले आणि मोबाइलवर दोन यंत्रं पाहिली. एकाला 4.8 तारे, दुसऱ्याला 4.1. पहिलंच घ्यावं असं सगळ्यांना वाटलं. पण पैसा बाराजणींचा, म्हणून आधी खालचे रिव्ह्यू वाचायला बसलो.

पहिल्या यंत्राखाली लिहिलं होतं, 'खूप छान, पैसे वसूल, सगळ्यांनी घ्या.' पुढच्या सहा-सात जणांचंही तेच, शब्दसुद्धा तेच. काहींनी तर यंत्राचं लांबलचक पूर्ण नाव जसंच्या तसं लिहिलेलं. आपण बोलताना असं बोलतो का? आपण नुसतं 'मशीन' म्हणतो. त्यात काय दळलं, किती दळलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मग 'नवीन आधी' असा क्रम लावून तारखा पाहिल्या. चाळीसेक रिव्ह्यू तीन-चार दिवसांतले, त्याआधी आणि नंतर शुकशुकाट. दिवाळीच्या सेलनंतर अशी गर्दी खरीही असू शकते, पण तेव्हा सेल नव्हता. आणखी मागे गेलो, तर जुने रिव्ह्यू चक्क मिक्सरचे! म्हणजे जुन्या वस्तूचे तारे नव्या यंत्राला चिकटवलेले.

दुसऱ्या यंत्राखाली एका बाईंनी लिहिलं होतं, 'मिरची कडक वाळलेली नसली तर जाळी तुंबते. पंधरा-वीस मिनिटांनी मोटर तापते, थांबावं लागतं. हळद बारीक होते. चार महिने वापरतेय.' सोबत त्यांच्या ओट्यावरचा फोटो. तारे तीनच, पण हे वापरणारीचं बोलणं. आम्ही दुसरं यंत्र घेतलं. मोटर तापते हे आधीच माहीत असल्यामुळे आम्ही मध्ये मध्ये थांबून दळतो.

एक लक्षात ठेवा. रिव्ह्यूखाली 'खरेदी केलेला ग्राहक' असं लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका. काही विक्रेते खोक्यात चिठ्ठी घालतात, 'पाच तारे द्या, पैसे परत घ्या.' खरेदी खरी, मत विकत घेतलेलं. उलट एकच तारा देऊन नुसती शिवीगाळ केलेला रिव्ह्यू दुसऱ्या विक्रेत्याचाही असू शकतो. आणि फक्त 'छान आहे' लिहिणारी बाई खोटीच असेल असं नाही; सगळ्यांना लिहायचा कंटाळा असतो. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. तपशील नाही, तारखा एकाच आठवड्यातल्या आणि शब्द तेच, असं तिन्ही जुळलं तर मात्र ते तारे सोडून द्या.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 या क्रमांकावर फोन करा. बिल आणि त्या पानाचा फोटो जपून ठेवा. आणि वस्तू वापरून झाल्यावर आपणही दोन ओळी लिहू या: काय दळलं, किती दिवस वापरलं, कुठे अडलं.